उचल, बिलं आणि खात्यात आलेली रक्कम: आठ महिने एकाच शीटवर हिशोब ठेवल्यावरचा अनुभव

मी जालन्यात राहतो आणि एका बियाणे कंपनीसाठी बीड, परभणी, हिंगोली भागात फिरतो. हंगामात महिन्यातले पंधरा दिवस बाहेरच जातात. निघताना उचल घ्यायची, आल्यावर बिलं लावायची आणि मग कंपनी फरक खात्यात टाकते. आधी खर्च नोंदवायचं एक ॲप वापरत होतो. किती खर्च झाला ते त्यात कळायचं, पण कंपनीकडून अजून किती यायचंय ते कळत नव्हतं. म्हणून मे महिन्यापासून गूगल शीटमध्ये किराणा दुकानाच्या खातेवहीसारखं खातं सुरू केलं.

पाचच रकाने आहेत: तारीख, तपशील, मला मिळाले, माझे येणे आणि बाकी. उचल किंवा खात्यात आलेली रक्कम ‘मला मिळाले’मध्ये, तर लावलेलं बिल ‘माझे येणे’मध्ये लिहायचं. बाकीच्या रकान्यात दुसऱ्या ओळीपासून हे सूत्र टाकून खाली ओढलं:

```
=SUM(D$2:D2)-SUM(C$2:C2)
```

बाकी अधिक असेल तर कंपनीकडे माझे पैसे आहेत. उणे असेल तर कंपनीचे माझ्याकडे.

जूनचं उदाहरण सांगतो. पेरणीच्या तोंडावर ८,००० उचलले, बाकी उणे ८,०००. बीडच्या टूरचं बिल ११,४६० आणि हिंगोलीचं ४,३८० लावलं, बाकी ७,८४०. खात्यात मात्र दोन्ही बिलांचे मिळून ६,२१० आले. म्हणजे १,६३० कमी. पूर्वी असं झालं की ‘काहीतरी कापलं असेल’ म्हणून सोडून द्यायचो. या वेळी मंजुरीचा कागद मागवला. लॉजची मर्यादा रात्रीला १,४०० आणि माझं बिल १,६५०, त्यामुळे दोन रात्रींचे ५०० कापले होते. ते कायमचे गेले, म्हणून ‘मंजूर नाही’ असं लिहून ‘मला मिळाले’मध्येच टाकले. बाकी बरोबर १,१३० उरली. ते पेट्रोलचं बिल होतं. अकाउंटच्या मॅडम म्हणाल्या, “सर, ते बिल कोरंच आलंय, कापलं नाही, थांबवलंय.” पंपावरची पावती थर्मल कागदाची असते. ती गाडीच्या काचेखाली आपल्याकडच्या उन्हात दोन दिवस राहिली आणि अक्षरं उडाली. सुदैवाने पंपावरच काढलेला फोटो होता. त्याची प्रिंट दिली आणि पुढच्या महिन्यात १,१३० आले. कापलेलं आणि थांबवलेलं हे दोन्ही खात्यात कमी रक्कम म्हणूनच दिसतं, पण थांबवलेलं मागितलं तर मिळतं. हा फरक मला या शीटमुळे कळला.

आता शीटची उणीव सांगतो, कारण तिच्यामुळे ६,००० जवळजवळ गेलेच होते. ऑगस्टमध्ये ६,००० उचलले. पोळ्याच्या गडबडीत बिल २७ तारखेला लावलं. आमच्याकडे २५ च्या आत बिल गेलं नाही तर उचल पगारातून वळती करतात. तशी झालीही. सप्टेंबरमध्ये ७,२८० चं बिल मंजूर झालं आणि खात्यात १,२८० आले. शीटवर बाकी शून्य आली. मी समाधानाने ते पान बंद केलं.

पुढे गृहकर्जासाठी पगारपत्रकं काढताना ऑगस्टच्या कपातीत ‘ॲडव्हान्स ६,०००’ दिसलं. तीच उचल एकदा पगारातून आणि एकदा बिलातून गेली होती. पगारातली कपात मी शीटमध्ये लिहिलीच नव्हती, म्हणून शून्य आलं होतं. ‘माझे येणे’मध्ये ६,००० ची ती ओळ घातली आणि बाकी लगेच ६,००० झाली. विचारल्यावर कळलं की पगार एक विभाग करतो, बिलं दुसरा, आणि एकाची वसुली दुसऱ्याला दिसत नाही. पगारपत्रक, मंजुरीचा कागद आणि बँकेचा उतारा तिन्ही एकत्र पाठवले तेव्हा पैसे परत आले. तेव्हापासून पगारपत्रक हातात आलं की आधी कपातीची बाजू वाचतो.

आणखी एक सवय लागली. बँकेच्या उताऱ्यात पगार आणि बिल दोन्हींसमोर कंपनीचंच नाव येतं, कोणत्या बिलाचे पैसे ते कळत नाही. म्हणून तपशिलात बिलाचा नंबर आणि एनईएफटीचा सोळा अक्षरी यूटीआर लिहितो. मोबाईलवर ते टंकणं कंटाळवाणं आहे, त्यामुळे हे काम रविवारी घरी लॅपटॉपवर करतो. उचल एकच असेल तर हे खातं उत्तम चालतं. दोन उचली एकदम चालू असतील तर बाकी कोणत्या उचलीची ते यातून कळत नाही. नोव्हेंबरमध्ये तशी वेळ आली तेव्हा दुसऱ्या उचलीसाठी वेगळं पान केलं.