अल्फा आधी की बीटा आधी: किरणोत्सारी मालिकेतील कण मोजण्याच्या दोन रीती

किरणोत्सारी मालिकेचे पहिले केंद्रक आणि शेवटचे स्थिर केंद्रक दिले असता वाटेत किती अल्फा आणि किती बीटा कण बाहेर पडले हे काढण्याच्या दोन रीती सर्रास वापरल्या जातात. पहिल्या रीतीत अणुवस्तुमानांकावरून आधी अल्फांची संख्या काढतात आणि मग अणुअंकावरून बीटांची. दुसऱ्या रीतीत प्रोटॉनांपेक्षा न्यूट्रॉन किती जास्त आहेत ते दोन्ही टोकांना पाहून बीटांची संख्या थेट काढतात. मी पुष्कळ वर्षे पहिली वापरली, आता बहुधा दुसरी वापरतो. संपूर्ण साखळी एकेक पायरी लिहून कण मोजणे ही तिसरी वाट आहे, पण मधली सर्व केंद्रके आणि त्यांचा क्रम पाठ असल्याशिवाय ती चालता येत नाही, म्हणून तिचा विचार येथे केवळ पडताळणीपुरता केला आहे.

पहिली रीत युरेनियम-२३८ पासून शिसे-२०६ पर्यंतच्या मालिकेवर पाहू. बीटा कणामुळे अणुवस्तुमानांक बदलत नाही, म्हणून २३८ आणि २०६ यांतील ३२ चा फरक सर्वस्वी अल्फांमुळे पडला असला पाहिजे. प्रत्येक अल्फा अणुवस्तुमानांक चाराने आणि अणुअंक दोनाने कमी करतो, म्हणून अल्फा आठ निघतात. आता घटकाभर असे समजू की हे आठही अल्फा प्रथम बाहेर पडले. अणुअंक ९२ वरून १६ ने खाली येऊन ७६ होतो, म्हणजे आपण ऑस्मियम-२०६ या केंद्रकापाशी पोहोचतो. निसर्गात सापडणारा सर्वांत जड ऑस्मियम १९२ चा आहे, तेव्हा २०६ वस्तुमानांकाच्या ऑस्मियममध्ये न्यूट्रॉनांची केवढी गर्दी झाली असेल हे सहज ध्यानात येते. ती गर्दी कमी करण्यासाठी सहा न्यूट्रॉन प्रोटॉनांत बदलतात, प्रत्येक वेळी एक बीटा कण बाहेर पडतो आणि अणुअंक ७६ वरून ८२ वर येतो. प्रत्यक्षात कण या क्रमाने बाहेर पडत नाहीत, पण संख्येला क्रमाशी कर्तव्य नसते. अल्फांच्या मागोमाग बीटा का यावे लागतात हे या रीतीत डोळ्यांसमोर उभे राहते आणि विषय प्रथमच समजून घेणाऱ्याला याहून चांगली वाट मला तरी ठाऊक नाही.

या रीतीत चिन्हाची चूक वारंवार होते, हे खरे. बीटा बाहेर पडल्यावर अणुअंक वाढतो हे विसरून ९२ = ८२ + १६ + बीटा असे मांडले की उत्तर उणे सहा येते, आणि उणे चिन्ह खोडून सहा लिहिले की उत्तर बरोबर दिसते, समीकरण मात्र चुकीचेच राहते. तरीही एवढ्यावरून मी ही रीत सोडली नसती, कारण उणे संख्या निदान डोळ्याला खटकते.

मला खरा त्रास झाला तो निराळ्याच गोष्टीचा. थोरियम-२३२ पासून शिसे-२०८ पर्यंतची मालिका सोडवताना मी २३२ मधून २०८ वजा करून २४ ऐवजी २८ लिहिले. अल्फा सात आले. प्रभाराचे गणित पुढे केले: ९० मधून १४ गेले, ७६ उरले, ८२ पर्यंत पोहोचण्यासाठी सहा बीटा हवेत. पडताळा म्हणून ९० − १४ + ६ केले, ८२ आले आणि माझे समाधान झाले. दोन्ही उत्तरे पूर्णांक होती, प्रभाराचा ताळा जमला होता, संशय घेण्याजोगे काहीही नव्हते. पुढे केव्हातरी तीच साखळी पायरीपायरीने कागदावर मांडली तेव्हा एका अल्फाला आणि दोन बीटांना कुठेच जागा मिळेना. मी बराच वेळ साखळीतच चूक शोधत राहिलो, कारण गणितावर माझा पूर्ण विश्वास बसला होता. खरे उत्तर सहा अल्फा आणि चार बीटा असे आहे.

दोष वजाबाकीचा होता हे मान्यच आहे, पण रीतीने तो लपवला. या रीतीत बीटांची संख्या अल्फांच्या संख्येवर उभी असते. अल्फा एकाने चुकले की बीटा दोनाने चुकतात, आणि ते असे चुकतात की प्रभाराचे समीकरण तंतोतंत जुळावे, कारण बीटा काढण्यासाठी तेच समीकरण आपण खर्च केलेले असते. खर्च केलेल्या समीकरणाने पुन्हा पडताळा पाहणे म्हणजे साक्षीदाराला स्वतःच्याच जबाबाची खातरजमा करायला सांगण्यासारखे आहे.

दुसरी रीत नेमकी येथे वेगळी पडते. केंद्रकात प्रोटॉनांपेक्षा जितके न्यूट्रॉन जास्त असतील त्याला न्यूट्रॉनांचे आधिक्य म्हणू. अणुवस्तुमानांकातून अणुअंकाची दुप्पट वजा केली, म्हणजे A − 2Z केले, की ते मिळते. अल्फा कण दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन घेऊन जातो, त्यामुळे आधिक्य जसेच्या तसे राहते. बीटा कण बाहेर पडताना एक न्यूट्रॉन कमी होतो आणि एक प्रोटॉन वाढतो, त्यामुळे आधिक्य बरोबर दोनाने घटते. म्हणून दोन्ही टोकांच्या आधिक्यांतील फरकाचे निम्मे म्हणजे बीटांची संख्या, आणि त्यासाठी अल्फा किती हे माहीत असण्याची गरज नाही.

थोरियमच्या त्याच मालिकेत सुरुवातीचे आधिक्य २३२ − १८० = ५२ आणि शेवटचे २०८ − १६४ = ४४ आहे. फरक आठ, म्हणून बीटा चार. आता माझ्या चुकीच्या वजाबाकीतून आलेले सात अल्फा यांच्याशेजारी ठेवले, तर प्रभार ९० − १४ + ४ = ८० येतो. शिशाचा अणुअंक ८२ आहे, म्हणजे चूक जागच्या जागी उघडी पडते. प्रभाराचे समीकरण येथे खर्च झालेले नसते, ते ताळ्यासाठी हाती उरते. माझ्यापुरता निर्णय एवढ्यावरच झाला.

साखळी उलगडून पाहिली की हे आणखी स्पष्ट होते. युरेनियम-२३८ चे आधिक्य ५४ आहे. अल्फा देऊन थोरियम-२३४ झाले तरी ते ५४ च राहते. मग लागोपाठ दोन बीटा येतात: प्रोटॅक्टिनियम-२३४ पाशी ५२, युरेनियम-२३४ पाशी ५०. त्यानंतर थोरियम-२३०, रेडियम-२२६, रेडॉन-२२२, पोलोनियम-२१८ आणि शिसे-२१४ असा पाच अल्फांचा सलग उतार आहे आणि तो संपेपर्यंत आधिक्य ५० वरून हलत नाही. पुढे बिस्मथ-२१४ पाशी ४८, पोलोनियम-२१४ पाशी ४६, अल्फानंतर शिसे-२१० पाशीही ४६, बिस्मथ-२१० पाशी ४४, पोलोनियम-२१० पाशी ४२ आणि अखेरच्या अल्फानंतर शिसे-२०६ पाशी तेच ४२. आकडा सहा वेळा खाली उतरला, तितकेच बीटा.

तरीही दुसरी रीत निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. एक तर टोकाचे केंद्रकच चुकीचे घेतले असेल तर एकटे आधिक्य फसवू शकते. युरेनियम-२३८ ची मालिका शिसे-२०८ वर संपते असे चुकून धरले, तर आधिक्याचा फरक ५४ − ४४ = १० येतो आणि पाच बीटा हे साळसूद उत्तर मिळते. वस्तुमानांकांतील फरक ३० आहे हे पाहताक्षणी मात्र तो चाराने भागला जात नसल्यामुळे घोटाळा कळतो. म्हणून चाराने भाग जातो की नाही हे पाहण्याची पहिल्या रीतीची शिस्त दुसरी वापरतानाही सोडू नये. शिवाय प्रश्नातून वस्तुमानांक किंवा अणुअंक उतरवून घेतानाच चूक झाली आणि तरीही भाग जात राहिला, तर कोणताच ताळा ती पकडणार नाही, कारण दोन्ही रीतींच्या मुळाशी तीच दोन समीकरणे आहेत. दुसरी रीत आकडेमोडीच्या चुकीपासून वाचवते, उतरवण्याच्या चुकीपासून नाही.

दोन्ही रीतींना लागू असलेली एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. आपण मोजतो ते ऋण बीटा. पोटॅशियम-४० सारख्या केंद्रकाचा बराच भाग बीटा देऊन कॅल्शियम-४० होतो आणि काही भाग कवचातील इलेक्ट्रॉन ओढून घेऊन आर्गॉन-४० होतो. पोटॅशियम-४० चे आधिक्य २ आणि आर्गॉनचे ४, म्हणून गणित उणे एक बीटा सांगते. येथील उणे चिन्ह खोडण्यासारखे नाही, प्रक्रिया उलट्या दिशेची आहे असा त्याचा अर्थ आहे. जड केंद्रकांच्या नेहमीच्या मालिकांत मात्र ही अडचण येत नाही, आणि गॅमा किरणांमुळे दोन्हींपैकी कोणताच अंक बदलत नसल्याने त्यांचा विचार करण्याचे कारण नाही.

फाटे फुटणाऱ्या जागीही दोन्ही रीती सारख्याच निभावतात. थोरियमच्या मालिकेत बिस्मथ-२१२ पाशी सुमारे ६४ टक्के केंद्रके बीटा देऊन पोलोनियम-२१२ होतात आणि उरलेली अल्फा देऊन थॅलियम-२०८. पहिल्या फाट्यावर पुढे अल्फा येतो, दुसऱ्यावर बीटा, आणि दोन्ही वाटा शिसे-२०८ पाशी मिळतात. त्यामुळे बेरीज तीच राहते.

ज्याला ही उदाहरणे नव्याने शिकायची आहेत त्याने पहिल्या रीतीने आरंभ करावा असे मला वाटते. ज्याला भराभर सोडवायची आहेत आणि उत्तरावर भरवसाही ठेवायचा आहे त्याने शक्यतो दुसरीकडे वळावे, आणि त्यासाठी नेप्च्युनियम-२३७ ची मालिका स्वतः सोडवून पाहावी. ती बिस्मथ-२०९ वर संपते असे बरीच वर्षे मानले जात होते. २००३ साली हे बिस्मथही अतिशय मंद गतीने अल्फा देते असे दिसून आले, आणि खरे टोक थॅलियम-२०५ ठरले. पहिल्या रीतीने जावे तर सारे गणित मुळापासून पुन्हा करावे लागते: अल्फा सातांऐवजी आठ, अणुअंकांतील फरक १० ऐवजी १२, आणि त्यांवरून बीटा नव्याने. दुसऱ्या रीतीत नेप्च्युनियमचे आधिक्य ५१, बिस्मथ-२०९ चे ४३ आणि थॅलियम-२०५ चेही ४३, म्हणून बीटा आधीही चार होते आणि आताही चारच आहेत.