कार्ड लंडनचं होतं, म्हणून मी विश्वास ठेवला

मालवणजवळ आमचं छोटं घरगुती निवास आहे, चार खोल्यांचं. गेल्या हिवाळ्यात एक ईमेल आला. लंडनचं कुटुंब, आठ माणसं, सहा रात्री. हिशेब ७२,००० रुपयांचा झाला. त्या गृहस्थांनी लिहिलं, "मी १,२०,००० भरतो. मोपा विमानतळावरून आम्हाला आणणारा ड्रायव्हर कार्ड घेत नाही. वरचे ४८,००० तुम्हीच त्याला यूपीआयने द्या." मी पेमेंटची लिंक पाठवली आणि पैसे आले.

मनात थोडी शंका होती. पेमेंट गेटवेच्या पानावर कार्डाचे पहिले सहा आणि शेवटचे चार आकडे दिसतात, मधल्या जागी चांदण्या. ते पहिले सहा आकडे मी नेटवर तपासले. बँक ब्रिटनची निघाली. माणूस लंडनचा, कार्डही तिथलंच. माझी शंका फिटली. दोन दिवसांनी रक्कम खात्यात जमा झाली आणि मी ड्रायव्हरला ४८,००० पाठवले.

ठरलेल्या तारखेला कुणीच आलं नाही. पाच आठवड्यांनी गेटवेकडून कळलं की खऱ्या कार्डधारकाने हा व्यवहार आपण केलाच नाही अशी तक्रार केली आहे. सगळे १,२०,००० माझ्याकडून परत वळते झाले, वर दंडाची फी. ड्रायव्हरला दिलेले ४८,००० माझ्या खिशातून गेले. १९३० वर फोन केला, पण तोवर त्या खात्यातून पैसे पुढे निघून गेले होते.

पेमेंट गेटवेची कामं करणारा माझा भाचा नंतर शेजारी बसला आणि म्हणाला, "मावशी, ते आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे आधी बघ."

पहिला आकडा कार्डाच्या जाळ्याची साधारण दिशा दाखवतो. ४ असेल तर व्हिसा. ५१ ते ५५ किंवा २२२१ ते २७२० ने सुरुवात असेल तर मास्टरकार्ड, ३४ किंवा ३७ असेल तर अमेरिकन एक्सप्रेस. त्यापुढचे आकडे धरले की कार्ड देणारी बँक कळते. या सुरुवातीच्या आकड्यांना बिन म्हणतात. पूर्वी हा बिन सहा आकडी होता. आता आठ आकडी झाला आहे. व्हिसा आणि मास्टरकार्ड एप्रिल २०२२ मध्ये त्याकडे वळले. त्यामुळे फक्त सहा आकडे टाकून पाहिलं, तर एकाच सुरुवातीत वेगवेगळ्या बँकांचे गट असू शकतात आणि फुकटच्या जुन्या याद्या चुकीचं उत्तर देतात.

देश मात्र त्या आकड्यांत लिहिलेला नसतो. बँक कळली की बँकेचा देश कळतो, इतकंच. कार्ड कोणाच्या हातात आहे, ते त्यातून कळत नाही. लंडनला शिकणारी मुलगी पुण्याच्या बँकेचं फॉरेक्स कार्ड वापरते, तेव्हा तिचा बिन भारत दाखवतो आणि त्यात काहीही वावगं नसतं. आणि उलटंही होतं, तेच मला महागात पडलं: चोरलेल्या कार्डांचे आकडे विकले जातात तेव्हा त्यांच्यासोबत बँक आणि देशही लिहिलेला असतो. चोराला लंडनचा पाहुणा व्हायचं असेल, तर तो ब्रिटनचंच कार्ड निवडतो. देश जुळला हा मी पुरावा मानला. प्रत्यक्षात ती त्याची तयारी होती.

खरी खूण त्याच पानावर होती, पण मी ती उघडलीच नव्हती. अयशस्वी प्रयत्नांची यादी. माझ्या लिंकवर यशस्वी व्यवहाराच्या आधी अकरा मिनिटांत आणखी दोन कार्डं चालवून पाहिली होती. एक कॅनडाच्या बँकेचं, दुसरं ब्राझीलच्या. एका कुटुंबप्रमुखाकडे तीन देशांतल्या तीन बँकांची कार्डं, आणि त्यातली दोन नाकारलेली. एकट्या कार्डाचा बिन फार बोलत नाही, तीन एकाशेजारी एक ठेवले की बोलतात.

दुसरी गोष्ट, त्या व्यवहारात बँकेने ग्राहकाची ओळख ओटीपीने तपासलीच नव्हती. भारतातल्या कार्डाला आपल्याकडे ऑनलाइन बहुतेक वेळा ओटीपी लागतो, परदेशी कार्ड अनेकदा त्याशिवायच चालतं. ओळख तपासली नसेल आणि पुढे तक्रार आली, तर सहसा नुकसान विक्रेत्याचं. ही तक्रार साधारण १२० दिवसांपर्यंत येऊ शकते, म्हणजे खात्यात जमा झालेली रक्कम तेवढे दिवस आपली झालेली नसते.

आता परदेशी कार्डाने पैसे आले की मी आधी नाकारलेले प्रयत्न उघडते, मग ओळख तपासली का ते बघते. जादा रक्कम आली तर ती त्याच कार्डावर परत करते, तिसऱ्या कुणाला एक रुपयाही देत नाही. मार्चमध्ये पुन्हा असाच ईमेल आला, या वेळी दहा माणसं आणि एक आचारी. आचाऱ्याचे पैसे तुम्हीच त्याला द्या, असं मी कळवलं. त्यावर उत्तर आलं नाही.