अपडेटनंतर मोबाइल डेटा बंद: एपीएन तपासावा, नेटवर्क रीसेट करावे की पॅचची वाट पाहावी?

सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर कॉल लागतात, वाय-फाय नीट चालते, पण मोबाइल डेटा मात्र मिळत नाही, अशा वेळी बहुतेक जण थेट नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करून मोकळे होतात. माझ्या मते तो उपाय मधला आहे, पहिला नव्हे. कारण त्यात बहुतेकदा साठवलेले वाय-फाय पासवर्ड जातात, अनेक अँड्रॉइड फोनवर ब्लूटूथच्या जोडण्याही पुसल्या जातात, आणि दोष नेमका कुठे होता हे शेवटपर्यंत कळत नाही.

निवड करण्यापूर्वी वाय-फाय बंद करून सिग्नलच्या दांड्यांशेजारी पाहावे. तिथे 4G, LTE किंवा 5G असे चिन्ह दिसत असेल, तरीही पाने उघडत नसतील, तर जोडणी बहुधा झालेली असते आणि अडथळा पुढे असतो. अशा वेळी व्हीपीएन आणि प्रायव्हेट डीएनएस बंद करून पाहावे. चिन्हच उमटत नसेल, तर आधी डेटा चालू आहे का आणि दोन सिमच्या फोनमध्ये डेटासाठी योग्य सिम निवडलेले आहे का, हे पाहून घ्यावे. तेही ठीक असेल, तर संशय एपीएनवर, म्हणजे डेटाची जोडणी कोणत्या नावाने मागायची हे सांगणाऱ्या नोंदीवर घ्यावा. कॉल चालू राहतात याचा गोंधळ होऊ देऊ नये, कारण फोर-जीवरील कॉलची जोडणी ims प्रकारच्या वेगळ्या नोंदीवरून होते.

एपीएन तपासणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. अँड्रॉइडवर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये सिम निवडून Access Point Names उघडावे. कंपनीनुसार वाट थोडी बदलते. समजा, यादीत दोन नोंदी आहेत आणि एकीसमोरचेही वर्तुळ भरलेले नाही. अपडेटच्या वेळी फोनमधील एपीएनची यादी नव्याने भरली जाऊ शकते आणि त्यात आधीची निवड हरवू शकते. अशा वेळी ज्या नोंदीच्या APN type मध्ये `default` हा शब्द आहे ती निवडावी, कारण केवळ `mms` लिहिलेल्या नोंदीवरून इंटरनेट मिळत नाही. मग विमान मोड काही सेकंद चालू करून बंद करावा. दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवर सेवा देणाऱ्या छोट्या कंपन्यांच्या सिममध्ये आणखी एक घोटाळा होतो: नेटवर्कचा क्रमांक दोघींचा एकच असल्याने फोन मोठ्या कंपनीची नोंद उचलू शकतो. त्यामुळे नोंदीतील नाव आपल्या कंपनीने दिलेल्या नावाशी अक्षरशः जुळते का, हे पाहिले पाहिजे.

याच पानावरच्या मेनूत Reset to default असते. यादी बिघडलेली वाटली, तर ते उपयोगी पडते. पण पूर्वी एपीएन हाताने भरला असेल, तर हेच बटण तो पुसून टाकते, म्हणून आधी त्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा.

आयफोनवर पर्याय कमी असतात, कारण एपीएन बदलण्याची मुभा अनेक कंपन्या देत नाहीत. तिथे वाय-फायवर राहून Settings > General > About हे पान उघडून थोडे थांबावे. कंपनीच्या सेटिंगचे नवे अपडेट उपलब्ध असेल, तर सूचना आपोआप येते. यात गमावण्यासारखे काही नसल्याने आयफोनवाल्यांनी सुरुवात इथूनच करावी.

नोंद बरोबर असूनही डेटा आला नाही, तर नेटवर्क रीसेट करणे योग्य ठरते. वाय-फायचे पासवर्ड आधी लिहून ठेवावेत. हाताने भरलेला एपीएन यातही जाऊ शकतो.

पॅचची वाट पाहण्याचा निर्णय मात्र पुराव्याशिवाय घेऊ नये. आपले सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहावे आणि दुसऱ्या कंपनीचे चालू सिम आपल्या फोनमध्ये. आपले सिम दुसरीकडेही मुके राहिले, तर दोष खात्यात किंवा सेवेत आहे आणि कंपनीशीच बोलावे लागेल. आपले सिम तिकडे चालते आणि दुसऱ्याचे सिम आपल्या फोनमध्ये योग्य एपीएन असूनही चालत नाही, असे असेल तर संशय अपडेटवर, विशेषतः मोडेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर जातो. मग वाय-फायवरून System update पुन्हा तपासावे, कारण मोठ्या अपडेटमागून दुरुस्तीचा छोटा पॅच येऊन थांबलेला असू शकतो. या टप्प्यावर फॅक्टरी रीसेट करण्याचा मोह टाळावा: त्याने सगळा डेटा पुसला जातो, पण फोन जुन्या आवृत्तीवर परत जात नाही, त्यामुळे मोडेमचा दोष जसाच्या तसा राहतो.