मुंबईहून बडोद्याला: रात्रीची स्लीपर बस की दुपारची कर्णावती?

माझ्या मावसबहिणीला यंदा माटुंग्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. घर बडोद्यात दांडिया बाजारात, हॉस्टेल मुंबईत, महिन्याचा खर्च मोजून मिळणारा. तिचा पहिलाच प्रश्न होता, “ताई, घरी येताना बस स्वस्त की ट्रेन?” मी चार वर्षं ही ये-जा केली आहे, पण तिला एका शब्दात उत्तर देता आलं नाही. तिकिटाचे पैसे आणि प्रवासाचे पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी ट्रेन. मुंबई सेंट्रल ते बडोदा 392 किलोमीटर. दिवसा जाणाऱ्या, खिशाला परवडणाऱ्या गाड्या म्हणजे गुजरात एक्सप्रेस आणि कर्णावती. गुजरात एक्सप्रेस पहाटे सुटते, म्हणजे हॉस्टेलमधून अंधारातच निघावं लागतं. कर्णावती दुपारी सुटते आणि रात्रीच्या जेवणाच्या आधी बडोद्याला पोचवते. दोन्ही बोरिवलीला थांबतात. वंदे भारतही आहे, पण तिच्या एका तिकिटात सेकंड सिटिंगच्या कितीतरी फेऱ्या होतात, म्हणून ती या हिशेबात नाही.

सेकंड सिटिंग म्हणजे तीन-तीनची बाकं, पंखे, उघड्या खिडक्या. भाडं दीडशे ते पावणेदोनशेच्या आसपास आणि ते दिवाळीतही तेवढंच राहतं. सुरतपासून पुढे रोज ये-जा करणारे अप-डाउनवाले चढतात, “जरा सरकजो ने” म्हणत तिघांच्या बाकावर चौथा बसतो. त्याचा त्रास होतो, पण तासा-दीड तासाचा.

ट्रेनची खरी अडचण तिकीट मिळण्याची आहे. आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी, सकाळी 8 वाजता उघडतं. दिवाळी किंवा गणपतीच्या आदल्या दिवसाची तिकिटं लवकर संपतात, मग वेटिंग सुरू होतं. स्लीपर डब्यात निदान आरएसी असतं, अर्धी का होईना जागा मिळते. सेकंड सिटिंगमध्ये आरएसी नसतं. चार्ट लागल्यावरही वेटिंग राहिलं, तर ऑनलाइन काढलेलं तिकीट आपोआप रद्द होतं आणि त्या तिकिटावर गाडीत चढता येत नाही. तत्काळ आदल्या दिवशी, बिगर-एसीसाठी 11 वाजता उघडतं. सेकंड सिटिंगला त्याचे जेमतेम 10-15 रुपये जास्त पडतात. फक्त आयआरसीटीसीचं खातं आधारशी आधीच जोडून ठेवा. ऐन 11 वाजता ते करायला बसलात तर गाडी गेली म्हणूनच समजा.

परीक्षेची तारीख नक्की नसेल तेव्हा मी सरळ दोन दिवसांची दोन तिकिटं काढायची. नको ते वेळेत रद्द केलं की साधारण 60 रुपये जात. बसच्या शेवटच्या क्षणीच्या भावापेक्षा हे केव्हाही स्वस्त.

विद्यार्थी सवलतीबद्दलही सगळे विचारतात. सुट्टीत गावी जाण्यासाठी मूळ भाड्यात 50 टक्के सूट आहे. त्यासाठी कॉलेजचा सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो आणि तिकीट खिडकीवरच काढावं लागतं, ऑनलाइन नाही. या अंतराला वाचतात साठेक रुपये. त्यासाठी ऑफिसात दोन खेपा आणि स्टेशनवर रांग मला कधी पटली नाही. घर नागपूरला किंवा कोलकात्याला असेल तर जरूर करा.

आता बस. तिचा मोठा गुण म्हणजे दिवस वाया जात नाही. शुक्रवारी प्रॅक्टिकल संपवून, जेवून निघता येतं आणि जागा जवळजवळ नेहमी मिळते. पण भाव रोज बदलतो. मंगळवारी पाचशेला मिळणारा बर्थ शुक्रवारी आठशेला जातो, दिवाळीत बारा-पंधराशेला. एकाच बसमध्येही फरक असतो. खालचा एकटा बर्थ महाग, मागचा वरचा सगळ्यांत स्वस्त. तो स्वस्त का, हे पहिल्याच स्पीडब्रेकरला कळतं. मागच्या चाकांच्या पलीकडचा भाग झोपाळ्यासारखा उडतो. शंभर रुपये जास्त देऊन मधला बर्थ घ्या, नाहीतर झोपून जायचं म्हणून बस घेतली याला अर्थ राहत नाही.

बहुतेक बसमध्ये शौचालय नसतं. मध्यरात्री हायवेवरच्या हॉटेलात एक थांबा मिळतो, तोही चालकाच्या सोयीने. मी संध्याकाळपासून पाणी कमी प्यायचे. मुलींनी हा मुद्दा भाड्याच्या बरोबरीने धरावा.

पण बसमध्ये सगळ्यांत जास्त फसगत होते ती उतरण्याच्या जागेत. मुंबईहून निघणाऱ्या बऱ्याच बस पुढे अहमदाबाद-राजकोटला जातात. त्या बडोदा शहरात शिरत नाहीत. हायवेवरच्या कपुराई चोकडी किंवा गोल्डन चोकडी या चौकात आपल्याला उतरवून पुढे निघतात. एकदा मी गाढ झोपले होते, क्लीनरने हाक मारली असेल-नसेल. जाग आली तेव्हा बस एक्सप्रेसवेवर होती. तिथे मध्येच उतरता येत नाही. आणंदच्या फाट्याला पहाटे उतरवलं, तिथून रिक्षाने स्टेशन आणि पॅसेंजरने उलटी बडोद्याला. बाबा गोल्डन चोकडीवर स्कूटर घेऊन उभे. तेव्हापासून पैसे भरण्याआधी मी उतरण्याच्या जागांची यादी उघडते. बस बडोद्यालाच संपत असेल तर उत्तम. नसेल तर पोचण्याच्या वेळेच्या अर्धा तास आधीचा गजर आणि मोबाइलवर नकाशा.

मागच्या वर्षीचा माझा हिशेब असा. कर्णावतीने तिकीट आणि ऑनलाइन शुल्क मिळून पावणेदोनशे, बोरिवलीपर्यंत लोकलचे दहा, डबा हॉस्टेलचा, बडोदा स्टेशन ते दांडिया बाजार रिक्षा साठ. अडीचशेच्या आत घरी. बसने बर्थ सातशे, लोकल दहा, थांब्यावर चहा-वडा पन्नास, आणि चोकडीवरून पहाटेच्या रिक्षाचे दीडशे, कारण त्या वेळी घासाघीस करायला दुसरा रिक्षावाला नसतो. नऊशेच्या वर. एका फेरीत साडेसहाशेचा फरक.

सुरक्षिततेचंही बोलायला हवं. 1 जुलै 2023 ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि 25 जण गेले. मी हल्ली चढल्याबरोबर आपत्कालीन दार आणि काच फोडायची हातोडी कुठे आहे ते बघते. हातोडीची जागा रिकामी दिसली की झोप लागत नाही.

परतीचं गणित मात्र वेगळं आहे. रविवारी रात्रीच्या बसचा भाव सगळ्यांत चढा असतो आणि सोमवारी पहाटे वसई-घोडबंदरच्या कोंडीत ती अडकली की नऊचं लेक्चर गेलंच. रविवारी सकाळी गुजरात एक्सप्रेस धरली तर दुपारी बोरिवली. आईचं रविवारचं जेवण बुडतं, त्यावरून थोडी कुरकुर होते, पण भाकरी आणि झुणका डब्यात येतो.

बहिणीला मी शेवटी एवढंच लिहून दिलं: कॅलेंडर घे, दिवाळी, होळी आणि सेमिस्टरच्या सुट्टीपासून 60 दिवस मागे जा, त्या सकाळी पावणेआठला लॉगिन कर आणि जायचं तिकीट काढून टाक. यायचंही तसंच, त्या तारखेच्या 60 दिवस आधी काढ. बसचे पैसे वेगळे काढून ठेव. कोणी आजारी पडलं, अचानक निघायची वेळ आली, तर रात्री अकराला मिळणारी गाडी तीच आहे.