छापील भाषणाचा फोटो काढून सारांश: पावसाळ्यापासूनच्या वापराचा अनुभव

राजारामपुरीतल्या आमच्या अभ्यासिकेत वक्तृत्व स्पर्धेची तयारी करणारी मुलं येतात. भाषणांच्या जुन्या पुस्तिका वाचनालयातून घरी नेता येत नाहीत, म्हणून पानांच्या फोटोवरून सारांश करून देणारं एक ॲप मी पावसाळ्यापासून वापरतोय. ते मुख्य मुद्दे, लक्षात राहणारी वाक्यं आणि भाषण कुणाला उद्देशून होतं, असं तीन भागांत देतं.

फोटो एका वेळी एकाच पानाचा काढावा, आणि पान हाताने नीट सपाट करूनच. डाव्या पानावर ओळीचा शेवट शिवणीकडे वळतो आणि तिथलीच अक्षरं गळतात. मराठीत 'नाही' येतो वाक्याच्या शेवटी. तेवढा एक शब्द गेला की मुद्दाच उलटा होतो.

खरी कसोटी लागली ती बाबासाहेबांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणावर. त्यात ते आधी कम्युनिस्ट आणि समाजवादी संविधानावर टीका का करतात ते सांगतात, मग त्याला उत्तर देतात. ॲपने टीकाकारांची मागणीच बाबासाहेबांचा मुद्दा म्हणून टाकली. तेव्हापासून प्रत्येक मुद्द्यापुढे 'हे कोण म्हणतंय?' असं मुलांकडून पेन्सिलीने लिहून घेतो.

वाक्यांच्या बाबतीत तर फार जपावं लागतं. स्वातंत्र्य थोर माणसाच्याही पायाशी वाहू नये, हा इशारा त्या भाषणात आहे, पण तो जॉन स्टुअर्ट मिलचा म्हणून. आत्मसन्मान गमावून कृतज्ञ राहता येत नाही, हे डॅनियल ओकॉनेलचं. बाबासाहेब दोघांचीही नावं घेतात. ॲपने नावं गाळून दोन्ही वाक्यं त्यांच्याच नावावर लावली. राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, हे मात्र त्यांचं स्वतःचं. तिन्ही वाक्यं जवळजवळ आहेत, त्यामुळे गल्लत सहज होते. ॲपने दिलेलं वाक्य फोटोत शोधायचं आणि त्याच्या आधीच्या दोन ओळी वाचायच्या, एवढ्यावर ही चूक सापडते. शब्द पानाशी जुळले नाहीत, तर ते ॲपने स्वतःच्या भाषेत लिहिलेलं असतं. अशा वाक्याची अवतरणचिन्हं काढून टाकतो.

श्रोत्यांच्या रकान्यात 'संविधान सभेचे सदस्य' एवढंच आलं. पहिल्या भागापुरतं ते बरोबर आहे, कारण तिथे मसुद्याच्या कामाचा हिशेब आणि सहकाऱ्यांचे आभार आहेत. पुढे सनदशीर मार्ग, व्यक्तिपूजा आणि सामाजिक लोकशाही हे तीन इशारे येतात, ते साऱ्या देशाला आहेत. एक माणूस एक मत मिळालं तरी समाजात आणि अर्थकारणात विषमता राहणार, हे सभागृहापुरतं कसं असेल? लांब भाषणाचे म्हणून मी भाग पाडतो आणि प्रत्येक भागाचे फोटो वेगळे देतो. श्रोत्यांचं उत्तर त्यामुळे बरंच नेमकं येतं.

मुद्द्यांचा पहिला आराखडा झटपट मिळतो, यासाठी ॲप ठेवलंय. मुलं व्यासपीठावर म्हणणार ती वाक्यं मात्र पानावरूनच उतरवून घेतो.