आईची पाककृतींची वही: फोटोवरून मजकूर की बोलून टायपिंग?

ताईने विचारलं, आईची वही फोनमध्ये कशी उतरवू? एकाच पानावर दोन्ही करून पाहिलं.

फोटोवरून मजकूर क्षणात मिळतो, पण चुका आकाराच्या होतात. ‘धने’चं ‘घने’ झालं, ‘खसखस’मधला ख फुटून ‘रव’ झाला. हे वाचताना खटकतं तरी. ‘१ चमचा हिंग’चं ‘९ चमचा’ झालं, ते ‘चमचे’ नव्हतं म्हणूनच लक्षात आलं. ‘१ किलो’चं ‘९ किलो’ झालं तर तेवढीही खूण उरत नाही. आकडे मूळ पानाशी ताडून बघाच.

बोलण्यात वेळ जातो, ह्रस्व-दीर्घ चुकतं. पण आकडे आपण स्वतः वाचलेले असतात.

अक्षर सुटं, ठळक आणि पानं भरपूर असतील तर फोटो काढा. मापांची किंवा गिचमिड पानं बोलूनच उतरवा.