जादा तासाचा भाव: कराराच्या तासांनी भागायचं की खऱ्या तासांनी?

महिन्याच्या पगाराचा तासाचा दर काढायचा म्हटलं की भागाकार एकच असतो, पण खाली काय लिहायचं यावर लोकांचे दोन गट पडतात. एक गट करारात लिहिलेल्या तासांनी भागतो. दुसरा म्हणतो, करार राहू द्या, प्रत्यक्षात किती तास राबलात त्याने भागा. मी दोन्ही पद्धती बरेच महिने वापरल्या आहेत. विनामोबदला थांबलेल्या तासांचं काय करायचं हे ज्यांना ठरवायचंय, त्यांना माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

आकडे सोपे घेतो. पगार महिना ६०,००० (चलन कोणतंही समजा) आणि करार आठवड्याला ४० तासांचा, म्हणजे वर्षाचे ७,२०,००० आणि २,०८० तास. कराराचा दर ताशी ३४६ निघतो. आता समजा, आठवड्याला १० तास फुकटचे जास्त जातात. तेव्हा वर्षाचे तास २,६०० होतात आणि खरा दर २७७ वर येतो.

एक चूक आधीच टाळा. महिना म्हणजे चार आठवडे असं धरून १६० ने भागू नका. वर्षात ५२ आठवडे असतात, म्हणून महिन्याचे सरासरी तास १७३ आणि वर थोडे होतात. १६० ने भागलं तर दर ३७५ दिसतो आणि उगीच छाती फुगते. त्या त्या महिन्याचे कामाचे दिवस मोजून भागणंही मी सोडून दिलं. वीस दिवसांच्या महिन्यात दर ३७५ आणि तेवीस दिवसांच्या महिन्यात ३२६. काम तेच, माणूस तोच आणि भाव मात्र कॅलेंडर ठरवणार. वर्षभराची सरासरी धरली की हा त्रास संपतो. रजा आणि सुट्ट्या वजा करून भागणारेही असतात. तेही चालेल, दर थोडा वाढेल. फक्त दोन गोष्टींची तुलना करताना दोन्हीकडे एकच रीत हवी.

आता मुख्य मुद्दा. सुरुवातीला मला खऱ्या तासांचीच पद्धत जास्त प्रामाणिक वाटायची. वहीत रोजचे तास पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशेबाने लिहायचो आणि महिनाअखेरीला पगाराला एकूण तासांनी भागायचो. आलेल्या दराने जादा तासांना गुणलं की 'या महिन्यात एवढ्याचं काम फुकट केलं' असा आकडा मिळायचा. वरच्या उदाहरणात महिन्याचे जादा तास साधारण ४३ होतात. त्यांना २७७ ने गुणलं की १२,००० येतात. ठीक वाटलं.

मग एक फार वाईट महिना आला. आठवड्याला वीस-वीस तास जास्त गेले, म्हणजे आधीच्या दुप्पट. तोच हिशेब केला. एकूण तास वाढल्यामुळे दर २३१ वर घसरला आणि जादा कामाची किंमत आली २०,०००. तास दुप्पट, पण किंमत दुप्पट नाही! जितकं जास्त राबावं तितका माझाच तास स्वस्त. वही पुढे ठेवून मी बराच वेळ गणित चुकलंय का ते शोधत बसलो. गणित चुकलं नव्हतं, रीत चुकली होती. फुकट दिलेले तास मी भागाकारात घातले होते, त्यामुळे दर आधीच पडला होता आणि त्याच पडलेल्या दराने मी तेच तास मोजत होतो. नुकसानीचा एक भाग नुकसानीनेच गिळला होता.

कराराच्या दराने तोच हिशेब करून पाहा. पहिल्या महिन्याचे १५,००० येतात आणि दुसऱ्याचे बरोबर ३०,०००. पटकन पडताळाही घेता येतो: ४० वर १० म्हणजे पाव भाग, आणि ६०,००० चा पाव भाग १५,०००. त्यासाठी वहीसुद्धा लागत नाही.

खऱ्या तासांच्या दरातूनही १५,००० काढता येतात, हे मान्य करायला हवं. फक्त गुणाकार वेगळा: दर किती पडला तो फरक घ्यायचा (३४६ वजा २७७, म्हणजे साधारण ६९) आणि त्याने महिन्याच्या सगळ्या तासांना गुणायचं, नुसत्या जादा तासांना नाही. पहिल्या महिन्याचे सगळे तास साधारण २१७ होते. ६९ गुणिले २१७ म्हणजे पुन्हा १५,००० च्या आसपास. पण महिनाअखेरीला दमलेल्या डोक्याने हे लक्षात ठेवणार कोण? माझ्याच्याने तरी झालं नाही.

म्हणून जादा तासांची किंमत लावायची असेल तर मी कराराचा दर वापरतो. तो हलत नाही. वरिष्ठांसमोर मांडायलाही तो बरा पडतो, कारण त्यातले दोन्ही आकडे नेमणूकपत्रातले असतात आणि 'हे तास तू कसे मोजलेस' हा वाद फक्त जादा तासांपुरता राहतो. एक काळजी घ्या: करारातल्या ४० तासांत जेवणाची सुट्टी धरली आहे की नाही ते आधी वाचा. मी सुट्टी भागाकारात धरली होती आणि जादा तास मोजताना वगळली होती, तेव्हा दोन्ही आकडे एकमेकांशी जुळेनात.

पगार कापून आलेला घ्यायचा की कपातीआधीचा? माझ्या मते कपातीआधीचा, कारण जादा तासांचे पैसे मिळाले असते तर त्यांच्यावरही कर लागलाच असता. हातात किती उरलं असतं हा प्रश्न वेगळा, आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर मन खट्टू करणारंच असतं.

मग खऱ्या तासांची पद्धत अगदी टाकाऊ का? तसं नाही. दोन नोकऱ्यांतून एक निवडताना मी तीच वापरली. एकीकडे वरचीच नोकरी, ६०,००० आणि खरे पन्नास तास, म्हणजे ताशी २७७. दुसरीकडे ५२,००० आणि कागदावर चाळीस तास, म्हणजे ताशी ३००. पण कागदावरच्या चाळिसावर विश्वास कोण ठेवणार? म्हणून उलटा हिशेब केला. वर्षाचे ६,२४,००० ताशी २७७ वर यायला २,२५० च्या आसपास तास लागतात, म्हणजे आठवड्याला ४३ च्या थोडं वर. तिथे आठवड्याचं काम त्रेचाळीस तासांच्या आत संपत असेल तर कमी पगाराची नोकरी ताशी महाग ठरते. प्रवासाचा वेळ दोन्हीकडे सारखाच होता, म्हणून तो धरला नाही. फरक असता तर दोन्हीकडे धरला असता. तिथे काम करणाऱ्या दोघांना विचारलं की गेल्या महिन्यात किती वेळा उशिरा निघालात. उत्तरांवरून आठवड्याचे तास बेचाळीसच्या आसपास जात होते. मी कमी पगाराची घेतली.

वही अजून ठेवतो, पण आता तिच्यात फक्त जादा तास लिहितो आणि पानाच्या वर एकदाच लिहिलेल्या कराराच्या दराने त्यांना गुणतो.